‘सक्त ताकीद’ न देता नेटचा नियम कसा सांगायचा?

प्रश्न : भोसरीत आमचा इंजिनिअरिंगचा कारखाना आहे, ऑफिस आणि शॉप मिळून ६४ माणसं. एचआर आणि अ‍ॅडमिन दोन्ही मीच बघते. गेला दीड महिना दुपारी नेट रांगतं. मागच्या आठवड्यात गाडी भरून गेटवर उभी आणि ई-वे बिलाचं पान उघडेना, पाऊण तास गेला. साहेबांनी आयटीवाल्याकडून फायरवॉलचा रिपोर्ट मागवला. त्यात यूट्यूब आणि क्रिकेटचे सामने सगळ्यात वर, आणि दोन नावं अगदी ठळक. आता साहेब म्हणतात, सगळ्यांना कडक मेल टाका. मसुदाही त्यांनीच दिलाय : ‘असे निदर्शनास आले आहे की, काही कर्मचारी कार्यालयीन वेळेत इंटरनेटचा वैयक्तिक कामासाठी गैरवापर करीत आहेत. ही बाब अत्यंत गंभीर आहे. सर्व कर्मचाऱ्यांना सक्त ताकीद देण्यात येते की, यापुढे असे आढळून आल्यास कठोर कारवाई करण्यात येईल. याची सर्वांनी नोंद घ्यावी.’ आमच्या २०२१च्या पॉलिसीत तर थोडाफार वैयक्तिक वापर चालेल असंच लिहिलंय. माणसं चांगली आहेत, मार्चमध्ये रात्री दहापर्यंत थांबतात. हा मेल गेला तर सगळ्यांची तोंडं फिरतील. पण आठवण तर द्यायला हवी. कशी देऊ? – एचआर, भोसरी

उत्तर : मेल आठवडाभर थांबवा. तेवढ्यात काही बिघडत नाही, आणि तेवढ्या वेळात करायची दोन कामं मेलपेक्षा जास्त उपयोगाची आहेत.

तुमच्यासमोर तीन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत. लाइन तुंबते, ही एक. दोन माणसं कामाच्या वेळेत सामने बघतात, ही दुसरी. आणि २०२१ची पॉलिसी कुणाच्याच लक्षात नाही, ही तिसरी. सगळ्यांना पाठवलेल्या मेलने यातली फक्त तिसरी सुटते. साहेबांचा मसुदा तिन्हींवर एकच औषध देतोय, म्हणून तो इतका कडू झालाय.

आधी लाइनचं बघू, कारण ‘कुणीतरी यूट्यूब बघतं म्हणून नेट हळू आहे’ हे मेलमध्ये लिहिलं आणि ते खरं नसलं, तर ऑफिसातला एखादा जाणकार पोरगा दहा मिनिटांत ते खोडून काढेल आणि मग नियमही हास्यास्पद होईल.

हिशेब करून बघा. यूट्यूबचा व्हिडिओ साध्या ४८०पी दर्जाला साधारण १.१ एमबीपीएस घेतो, ७२०पीला २.५ आणि १०८०पीला ५. तुमच्याकडे १०० एमबीपीएसची लाइन आहे असं धरू. आठ जण एकाच वेळी १०८०पीवर सामना बघत असले तरी ४० एमबीपीएस गेले, ६० उरले. ई-वे बिलाचं पान उघडायला एवढं रग्गड झालं. म्हणजे दोन माणसांच्या सामन्याने गाडी पाऊण तास थांबणं अवघडच आहे. लाइन २० किंवा ३० एमबीपीएसची असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी बिलावर कोणता प्लॅन आहे ते बघून घ्या.

अशा ठिकाणी खरा अपराधी बहुधा अपलोड असतो. अनेक प्लॅनमध्ये वर जाणारा वेग खाली येणाऱ्या वेगापेक्षा खूप कमी मिळतो. आणि ऑफिसच्या वाय-फायचा पासवर्ड सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असला, की खिशातले फोन वाय-फाय मिळाल्याबरोबर फोटोंचा बॅकअप सुरू करतात, अ‍ॅप अपडेट करतात. माणूस बिचारा मशीनवर उभा असतो, त्याला पत्ताही नसतो. कुणी रविवारी चुलतभावाच्या लग्नाला गेला आणि चार जीबी फोटो-व्हिडिओ घेऊन सोमवारी कामावर आला, तर २० एमबीपीएसच्या अपलोडवर ते वर चढायला जवळजवळ २७ मिनिटं लागतात, तीही पूर्ण वाट अडवून. अपलोड तुंबला की डाउनलोडही अडतो, कारण प्रत्येक क्लिकची मागणी आणि ‘मिळालं, पुढचं पाठव’ ही पोच त्याच वाटेने वर जाते. असे दोन फोन एकामागोमाग आले की पाऊण तास गेलाच.

हे ओळखायची खूण सोपी आहे. नेट रांगत असतानाच केबलने जोडलेल्या एका कॉम्प्युटरवरून स्पीड टेस्ट घ्या. डाउनलोड कसाही दिसो, अपलोड एक एमबीपीएसच्या खाली गेलाय, आणि पिंग, म्हणजे समोरून उत्तर यायला लागणारा वेळ, एरवीच्या २० मिलिसेकंदांवरून तीनचारशेवर चढलाय, तर अपलोडच तुंबलाय. दोन्ही वेग नीट आणि तरी पोर्टल उघडत नाही, तर त्या दिवशी पोर्टलच बसलं असेल. सरकारी पोर्टल काही सांगून बसत नाही. ही चाचणी आठवडाभर रोज अकरा, अडीच आणि चारला घ्या आणि आकडे वहीत लिहा. साहेबांसमोर वही ठेवली की अर्धी चर्चा तिथेच संपते.

आता तो रिपोर्ट आणि ती दोन ठळक नावं. फायरवॉलचा रिपोर्ट नाव दाखवतो तेव्हा बऱ्याचदा त्याला मुळात आयपी पत्ता दिसलेला असतो, आणि पत्त्यासमोर नाव कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेलं असतं. पत्ते आपोआप वाटले जात असतील, तर काही दिवसांनी तोच पत्ता दुसऱ्याच मशीनला मिळू शकतो. डिस्पॅचच्या टेबलावरचा कॉम्प्युटर तीन जण वापरतात आणि नाव एकाचंच लागतं, असंही होतं. म्हणून आयटीवाल्याला एकच प्रश्न विचारा : हे नाव लॉगिनवरून आलंय की पत्त्यावरून? पत्त्यावरून आलं असेल तर त्या दिवशी तो पत्ता कोणत्या मशीनकडे होता ते तपासल्याशिवाय कुणालाही काहीही म्हणू नका.

रिपोर्टमधल्या ‘वेळे’वरही विश्वास ठेवू नका. सकाळी उघडलेला टॅब संध्याकाळपर्यंत मागे जिवंत राहतो आणि मधून मधून सर्व्हरशी बोलत असतो. रिपोर्ट त्याचे आठ तास धरतो. विश्वासाचा आकडा डेटाचा, म्हणजे किती जीबी आले-गेले त्याचा. आणि यूट्यूब म्हणजे करमणूकच असंही नाही. कंट्रोलरवर अनोळखी अलार्म आला की सीएनसीवाला पहिल्यांदा यूट्यूबवरच बघतो, आणि त्याने ते बघावंच.

लाइनीचं दुखणं मेलने बरं होत नाही, सेटिंगने होतं. आयटीवाल्याकडून मोबाइलसाठी वेगळं गेस्ट वाय-फाय करून घ्या, कामाच्या नेटवर्कपासून तोडलेलं. त्याला एकूण २० एमबीपीएसची मर्यादा आणि प्रत्येक फोनला दोनची, खाली आणि वर दोन्हीकडे. तुमचा एकूण अपलोडच २०च्या आसपास असेल तर वरची मर्यादा पाचावर आणा. दोन एमबीपीएसवर व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय सगळं चालतं, सामनासुद्धा ४८०पीवर अडखळत नाही. मग कामाच्या वाय-फायचा पासवर्ड बदला आणि तो फक्त कंपनीच्या लॅपटॉपमध्ये टाका. आयटीवाल्यानेच टाकायचा, तोंडी सांगायचा नाही, नाहीतर महिन्याभरात पुन्हा सगळ्या खिशांत पोचेल. विंडोजची अपडेट जेवणाच्या सुट्टीत किंवा रात्री लावा. बऱ्याच फायरवॉलमध्ये हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि वेगळा खर्च लागत नाही. हे झाल्यावर पाठवलेल्या आठवणीचा सूर आपोआप बदलतो, कारण नुसतं ‘हे नको’ म्हणण्याऐवजी ‘त्यासाठी ही सोय केली आहे’ असं सांगता येतं.

त्या दोघांशी बोलायचं ते मेलच्या आधी, एकेकट्याने, दार लावून, पाच मिनिटं. आधी सगळ्यांना मेल आणि मग त्या दोघांना केबिनमध्ये, असं केलंत तर संध्याकाळपर्यंत सगळ्या कंपनीला नावं कळतात. आणि त्यांना न बोलवताच नुसता मेल टाकलात, तर ज्यांनी काही केलं नाही ते मनाला लावून घेतात आणि ज्यांच्यासाठी मेल होता ते ‘हे आपल्याबद्दल नसेल’ म्हणून पुढे चालतात. बोलताना रिपोर्टचा कागद टेबलावर ठेवू नका. कागद दिसला की माणूस बचाव करायला लागतो. एवढंच बोला : ‘मंगळवारी आणि बुधवारी दुपारी तुमच्या मशीनवर सामना चालू होता असं दिसतंय. तसं होतं का? कामाच्या वेळेत तो नको. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बघा, त्यासाठी वेगळं वाय-फाय देतोय.’ मधला प्रश्न खरा विचारा आणि उत्तराला थांबा. कदाचित तिथे भलतंच कुणी बसलेलं असेल. नंतर मेल येणार आहे आणि तो तुमच्यामुळे नाही, हेही त्याच वेळी सांगून टाका.

आता मसुदा. त्यातलं एकही वाक्य आपलं नाही, ते सगळं नोटीस बोर्डावरून उतरलेलं आहे, आणि मराठीत या नोटिशीच्या भाषेचे संस्कार इतके पक्के आहेत की ‘असे निदर्शनास आले आहे की’ एवढं वाचल्यावर माणूस पुढचं न वाचताच शिक्षा ऐकायच्या तयारीत बसतो. निदर्शनास कुणाच्या आलं? लिहिणारा लपलाय, आणि पाळत मात्र चालू आहे, असा त्याचा अर्थ लागतो. त्यापेक्षा ‘दुपारी नेट हळू चालतं म्हणून आम्ही कारण शोधलं’ असं सरळ लिहा, कर्त्यासकट.

‘काही कर्मचारी’ हे त्या मसुद्यातलं सगळ्यात महागात पडणारं पद आहे. मेल वाचून झाल्यावर कुणीही नेटबद्दल बोलणार नाही, ‘कोण रे कोण?’ एवढंच बोलतील. ‘गैरवापर’ आणखी वाईट. तुमची पॉलिसी वैयक्तिक वापराला मुभा देते. मग पोराच्या शाळेची फी भरणारी अकाउंट्सची बाई ‘वैयक्तिक कामासाठी गैरवापर’ वाचून आपणही त्यात आलो का या विचारात पडेल, आणि उद्यापासून फी भरायला बँकेत जाण्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकेल. हा तुमचाच तोटा.

‘कठोर कारवाई’बद्दल एक व्यवहाराची गोष्ट. कारवाई करायची वेळ आलीच तर ती नेमणूकपत्र, पॉलिसी आणि लागू असतील तर स्थायी आदेश यांप्रमाणे, त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी देऊन करावी लागते. सगळ्यांना पाठवलेल्या मेलमधल्या धमकीने त्या प्रक्रियेला काडीचं बळ मिळत नाही. म्हणजे वातावरण बिघडवायची किंमत मोजून हातात काही येत नाही. साहेबांना हे असंच सांगा. त्यांना ‘कडक’ शब्द हवे आहेत ते बहुधा पुढे अडचण नको म्हणून.

उलट टोकालाही जाऊ नका. ‘आपण सर्व एका कुटुंबाचे सदस्य आहोत’ अशी सुरुवात करून शेवटी ‘अन्यथा’ आणणारा मेल नुसत्या ताकिदीपेक्षा जास्त बोचतो. आणि ‘आपण’ जपून वापरा. हा मराठीतला मोठा सोयीचा आणि मोठा फसवा शब्द आहे. ‘आपण नियम पाळावेत’ म्हणजे तू-मी सगळ्यांनी, की आदराने ‘तुम्ही’? नोटिशीत तो दुसऱ्या अर्थाने येतो आणि वाचणाऱ्याला ते बरोबर कळतं. साहेबांना आणि तुम्हाला तोच नियम लागू असेल तर ‘आपण सगळेच, साहेबांसकट’ असं उघड लिहा. लागू नसेल, म्हणजे केबिनमध्ये सामना चालूच राहणार असेल, तर हा मेल पाठवू नका. काचेच्या केबिनमधला स्क्रीन बाहेरून दिसतो.

पॉलिसीतलं ‘थोडाफार’ मोकळं करून सांगणं हे या मेलचं मुख्य काम आहे. इथे बरेच जण मिनिटं लिहितात : दिवसाला २० मिनिटं, वगैरे. ती लिहू नका. मोजता येत नाहीत, आणि मोजायला गेलात तर वरच्या टॅबच्या गोंधळात अडकाल. कामांची नावं लिहा. कोणतं बिनधास्त चालतं, कोणतं फक्त मोबाइलवर, कोणतं नाहीच. नावं वाचली की माणसाला लगेच कळतं आपण कुठे बसतो ते. आणि चालतं ते आधी लिहा.

मेल साधारण असा होईल :

> विषय : ऑफिसचं नेट – मोबाइलसाठी वेगळं वाय-फाय, आणि काय चालतं काय नाही
>
> नमस्कार,
>
> गेला दीड महिना दुपारी नेट हळू चालतंय. एकदा तर ई-वे बिल निघेना म्हणून भरलेली गाडी गेटवर पाऊण तास थांबली. आम्ही कारण शोधलं. मोबाइलचे बॅकअप, व्हिडिओ आणि कंपनीचं काम हे सगळं एकाच लाइनवर चाललं होतं.
>
> सोमवारपासून मोबाइलसाठी वेगळं वाय-फाय सुरू झालंय. नाव आणि पासवर्ड रिसेप्शनच्या बोर्डावर आहे. जुना पासवर्ड आता चालणार नाही.
>
> बँकेचं काम, बिलं, तिकिटं, मुलांच्या शाळेचे निरोप, डॉक्टरची अपॉइंटमेंट – ही कामं ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पूर्वीसारखीच करता येतील. त्यासाठी कुणाला विचारायला नको.
>
> सामने, सिनेमे, गाण्यांचे व्हिडिओ आणि वैयक्तिक मोठी डाउनलोड ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नकोत. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर, मोबाइलच्या वाय-फायवर बघायला हरकत नाही. कामासाठी व्हिडिओ लागला तर तो खुशाल बघा.
>
> कोणत्या कॉम्प्युटरवरून कोणती साइट उघडली आणि किती डेटा गेला, याची नोंद फायरवॉलमध्ये होते. ती आयटी आणि मी, एवढेच बघू शकतो, आणि नेट अडलं किंवा सुरक्षेचा प्रश्न आला तरच बघतो.
>
> हा नियम नवीन नाही, २०२१च्या पॉलिसीतलाच आहे, आणि साहेबांसकट आपल्या सगळ्यांना आहे. पॉलिसी सोबत जोडली आहे.
>
> कामाची साइट उघडत नसेल किंवा नेट पुन्हा अडलं, तर मला लगेच फोन करा.

खाली तुमचं नाव आणि एक्स्टेंशन घाला, ‘व्यवस्थापन’ लिहू नका. व्यवस्थापनाला फोन करता येत नाही.

या मजकुरात जाड अक्षरं, लाल रंग, उद्गारचिन्हं काही नाहीत. ती घालायचा मोह होईल, घालू नका. मेलच्या विषयात ‘महत्त्वाचे’ही नको. ‘धन्यवाद’ आधीच म्हणू नका. न मागता आलेलं ‘सहकार्याबद्दल धन्यवाद’ म्हणजे नकार देता येणार नाही असं सांगण्याची नोटिशीची जुनी पद्धत.

नोंदीचा परिच्छेद साहेब बहुतेक काढायला सांगतील, ‘कशाला सांगायचं?’ म्हणून. तो ठेवाच. माणसं पाळतीला घाबरतात ती पाळतीची हद्द माहीत नसते म्हणून. ‘आपले व्हॉट्सअ‍ॅप वाचतात’ ही अफवा एकदा सुटली की महिनोन्‌महिने फिरते. पण लिहाल ते खरं असू द्या. साध्या फायरवॉलला सुरक्षित साइटचं नाव दिसतं, आतलं पान आणि मजकूर दिसत नाही. तुमच्याकडे एन्क्रिप्शन उघडून तपासायची सोय चालू असेल आणि कॉम्प्युटरमध्ये कंपनीचं सर्टिफिकेट टाकलेलं असेल, तर आतलंही दिसू शकतं. हे आयटीवाल्याला विचारा. चालू असेल तर मेलमध्ये तसं लिहा, आणि बँकेच्या साइट त्यातून वगळून घ्या. चालू नसेल तर ‘आतला मजकूर दिसत नाही’ हे वाक्य वाढवा, त्याने बरंच हायसं वाटतं. ब्राउझरच्या इन्कॉग्निटोने फायरवॉलपासून काही लपत नाही, हे कुणी विचारलं तर सांगा, मेलमध्ये नको. तिथे ते टोमण्यासारखं वाटेल.

‘नोंद ठेवताच कशाला?’ या प्रश्नालाही उत्तर आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात. तुमच्या आयटीवाल्याला हे पाळावंच लागतं, त्याचा सामन्यांशी संबंध नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही नोकरीच्या कामासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी अशी माहिती वापरायला जागा देतो. पण साहेबांच्या टेबलावर नावांसकट पडलेला रिपोर्ट या जागेत नीट बसत नाही. तो परत घ्या आणि पुढच्या वेळी नावांशिवाय, वेळ आणि प्रकारांनुसार रिपोर्ट द्या. लाइनीचा निर्णय घ्यायला तेवढा पुरतो.

एक विषय मात्र या मेलमध्ये मिसळू नका. ग्राहकाचं ड्रॉइंग स्वतःच्या जीमेलवर पाठवणं, पीडीएफ लहान करायला फुकटच्या साइटवर चढवणं, चोरीचं सॉफ्टवेअर उतरवणं, दुरून कॉम्प्युटर चालवायचं अ‍ॅप परवानगीशिवाय टाकणं. यातल्या फुकटच्या पीडीएफ साइटकडे खास बघा. १८ एमबीचं ड्रॉइंग मेलला जड होतं म्हणून प्रामाणिक माणूसच ते तिथे चढवतो, आणि ग्राहकाशी केलेला गोपनीयतेचा करार तिथल्या तिथे मोडतो. हे सुरक्षेचे नियम आहेत, त्यांना मऊ भाषा नको. वेगळा मेल, तीन ओळींचा, थेट ‘करू नका’, आणि त्याऐवजी काय वापरायचं ते. दोन्ही एकाच मेलमध्ये आले तर सामना बघणारा स्वतःला चोर समजतो, नाहीतर ड्रॉइंग बाहेर पाठवणारा स्वतःला सामना बघण्याइतकाच निरुपद्रवी समजतो. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

मेल जायच्या आदल्या दिवशी सुपरवायझर आणि विभागप्रमुखांना दहा मिनिटं उभ्या उभ्या सांगा. पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जाणार आहे, आणि त्यांनी ‘मलाही आत्ताच कळलं’ म्हटलं की मेलची वाट लागते. ‘हे कुणामुळे झालं?’ याचं उत्तर सगळ्यांनी एकच द्यायचं : ‘लाइन तुंबत होती, सोय केली आहे.’ नावांचा अंदाज करायला बसायचं नाही. ‘क्रिकइन्फोवर नुसता स्कोअर बघितला तर?’ बघ, त्याने लाइन तुंबत नाही.

पाठवायचा दिवस मंगळवार किंवा बुधवार, सकाळी अकराच्या सुमारास. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला मेल दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिजतो आणि विचारायला तुम्ही जाग्यावर नसता. पगारवाढीची पत्रं निघाली त्या आठवड्यात नको. भारताच्या मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको, मग तो कुणी काहीही म्हणा, त्या सामन्याबद्दलच असतो. शॉपवरच्या बऱ्याच जणांना कंपनीचा मेल नसेल. त्यांच्यासाठी तोच मजकूर मराठीत आणि हिंदीत एका पानावर, मोठ्या अक्षरात, आणि शिफ्ट बदलताना सुपरवायझरने तोंडी. मेलवाल्यांना सौम्य आणि बोर्डावर कडक अशी दोन रूपं करू नका. कोणताही मजकूर लिहिताना त्याचा स्क्रीनशॉट फिरणार आहे असं धरूनच लिहा.

नंतर तीन आठवडे तीच स्पीड टेस्टची वही चालू ठेवा. अपलोड सावरला असेल तर महिन्याच्या मीटिंगमध्ये एका वाक्यात सांगा. सावरला नसेल तर पुन्हा मेल टाकू नका. कामाच्या नेटवर्कवर अजून कुणाचा फोन राहिलाय का ते आयटीवाल्याला बघायला सांगा, बहुधा तेच निघतं. नव्याने रुजू होणाऱ्याला पॉलिसीसोबत हेच ‘चालतं–चालत नाही’चं पान द्या, म्हणजे वर्षभरात पुन्हा आठवण द्यायची वेळ आली तरी ती दोन ओळींत भागते.

आणि कुठेतरी वॉटर कूलरजवळ किंवा पंचिंग मशीनच्या वर ‘इंटरनेटचा वैयक्तिक वापर करण्यास सक्त मनाई आहे’ असा जुना पिवळा कागद चिकटवलेला असेल, तर मेल जायच्या आधी तो काढून टाका.